जवळ जायचंय? सायकल काढा: गर्दीच्या गावात सायकल दुकानाची टॅगलाइन कशी लिहावी

सायकल दुकानांच्या बोर्डांवर तीन ओळी सगळीकडे दिसतात. ‘सर्व प्रकारच्या सायकली योग्य दरात मिळतील’, ‘निरोगी राहा, सायकल चालवा’ आणि ‘पर्यावरण वाचवा’. तिन्ही खऱ्या आहेत, पण रोज दोन किलोमीटरवरच्या कामाला सायकलवर जाणारं गिऱ्हाईक यांतल्या एकाही ओळीनं मिळत नाही. पहिली ओळ मुलाच्या वाढदिवसाला सायकल घेणाऱ्या बापासाठी आहे. दुसरीनं येतो तो रविवारी पहाटे पन्हाळ्याकडे निघणारा हौशी सायकलस्वार. तिसरी वाचून माणूस मान डोलावतो आणि गाडीला किक मारतो.

आपल्याला हवा आहे तो माणूस वेगळा आहे. त्याच्या दारात स्कूटर किंवा मोटरसायकल उभी आहे. तो भाजीला, बँकेत, क्लासला, दुकानावर जातो आणि प्रत्येक वेळी सवयीनं तिचीच किल्ली उचलतो. टॅगलाइनला काम करायचंय ते त्या किल्लीच्या क्षणी. हा लेख तेवढ्यापुरताच आहे: रोजच्या जवळच्या फेऱ्यांसाठी सायकल विकणाऱ्या दुकानाची एक ओळ कशी शोधायची, तपासायची आणि बोर्डावर कशी चढवायची. उदाहरणाला कोल्हापुरातलं राजारामपुरीतलं एक दुकान धरू. दुकान मनातलं आहे, रस्ते खरे आहेत.

आधी फेऱ्या शोधा, शब्द नंतर

फोनवर नकाशा उघडा. दुकानापासून रस्त्यानं तीन किलोमीटरच्या आत येणारी ठिकाणं कागदावर लिहून काढा. सरळ रेषेतलं अंतर धरू नका, रस्त्यानं किती भरतं ते बघा, कारण रेल्वेरूळ, नाला किंवा एकेरी रस्ता मध्ये आला की अंतर वाढतं. तीनच किलोमीटर का, याचा हिशेब पुढे येईल.

राजारामपुरीतून बघितलं तर शाहूपुरी, मध्यवर्ती बसस्थानक, लक्ष्मीपुरीचा बाजार, दसरा चौक, बिंदू चौक, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, महाद्वार रोड ही सगळी ठिकाणं या टप्प्यात येतात. म्हणजे पंचगंगेच्या अलीकडचं जुनं गाव जवळपास पूर्ण आलं. यादी डोळ्यांपुढे आली की तुमचं गिऱ्हाईक कोण, हेही कळायला लागतं. लक्ष्मीपुरीत पेढीवर जाणारा कारकून, महाद्वार रोडच्या कापडदुकानातली सेल्सगर्ल, मुलाला क्लासला सोडून भाजी घेऊन परतणारी आई, शाहूपुरीत कामाला असलेला मेकॅनिक.

मग पंक्चर काढायला किंवा हवा भरायला येणाऱ्यांशी बोला. ‘रोज सायकल वापराल का?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. विचारायचं ते असं: ‘काल गाडी कुठं कुठं नेली होती?’ कालचा दिवस माणूस खरा सांगतो. उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘जरा बिंदू चौकापर्यंत गेलो होतो’, ‘काय नाही, इथं जवळच’, ‘गाडी लावायलाच जागा नाही तिथं’. टॅगलाइनचा कच्चा माल हाच आहे. लोक ज्या शब्दांत बोलतात त्या शब्दांतली ओळ वाचावी लागत नाही, कानावर पडल्यासारखी आत जाते.

वेळेचा हिशेब दारापासून दारापर्यंत

आता ओळीत नेमकं काय सांगायचं ते ठरवू. सगळ्यात आधी मोह होतो तो ‘लवकर पोचा’ म्हणायचा. पण ते खरं आहे का, हे मोजल्याशिवाय लिहू नये.

गर्दीच्या गावात, सिग्नल आणि चौक धरून, साधी सायकल तासाला साधारण १२ किलोमीटर जाते. स्कूटरचा सरासरी वेग २० धरू. राजारामपुरीतून बिंदू चौक सुमारे दोन किलोमीटर. सायकलला लागतील १० मिनिटं, स्कूटरला ६. म्हणजे रस्त्यावर स्कूटरच पुढे आहे आणि चार मिनिटांनी पुढे आहे. ‘सायकल सुसाट’ असं बोर्डावर लिहिलं तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक ते खोटं ठरवेल.

पण प्रवास रस्त्यावर संपत नाही. महाद्वार रोडला जायचं असेल तर स्कूटर बिंदू चौकाच्या आसपास लावायची, त्याआधी जागा शोधायची, मग भवानी मंडपातून चालत जायचं. चालण्यातच सात-आठ मिनिटं सहज जातात. सायकल मात्र गर्दी दाटली की उतरून हातात धरून पुढे नेता येते आणि दुकानाच्या कडेला टेकवता येते. चार मिनिटांची आघाडी तिथं संपते आणि उलटते.

याच हिशेबातून तीन किलोमीटरची मर्यादा येते. एक किलोमीटरला सायकल ५ मिनिटं, स्कूटर ३. पार्किंगमध्ये दोन मिनिटं गेली की बरोबरी. तीन किलोमीटरला फरक ६ मिनिटांचा होतो आणि बाजारपेठेत तेवढा वेळ जागा शोधण्यात आणि चालण्यात जाऊ शकतो. पाच किलोमीटरला फरक १० मिनिटांवर जातो, मग सायकलीची बाजू पडायला लागते. शिवाय दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर किंवा जिथं दारातच गाडी लावता येते तिथं स्कूटरच जिंकेल. हे मान्य करूनच ओळ लिहायची.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सायकलीचा वेळ फारसा बदलत नाही. नवरात्रात, लग्नसराईत किंवा सुट्टीच्या दिवशी भाविकांच्या गाड्या शहरात शिरल्या की स्कूटरचे ६ मिनिटांचे १५ होतात, कधी २० होतात. सायकलीचे १० मिनिटांचे फार तर १२ होतात. ज्याला दहाच्या ठोक्याला काउंटरवर उभं राहायचंय त्याला वेगापेक्षा ही खात्री हवी असते.

तुमच्या गावात हे आकडे वेगळे असतील. यादीतल्या तीन-चार फेऱ्या स्वतः करा, एकदा सकाळी दहाला आणि एकदा संध्याकाळी सातला, घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत घड्याळ लावून. कुलूप लावायचा वेळही धरा.

पेट्रोलच्या बचतीवर ओळ बांधू नका

हा मुद्दा दुकानदारांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो, म्हणून हिशेबच मांडतो. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर पावणेतीन-तीन लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला तीनशेच्या आत. नऊ हजारांची सायकल वसूल व्हायला अडीच वर्षं. गिऱ्हाईक हा हिशेब तुमच्या काउंटरवर उभं राहून तोंडी करतं आणि ‘विचार करून येतो’ म्हणून जातं. जवळच्या फेऱ्यांत पेट्रोल कमीच जळतं, त्यामुळे जितकी फेरी जवळची तितकी ही ओळ लंगडी.

आरोग्याची ओळ लंगडी नाही, पण ती माणसाला ‘व्यायाम’ या खणात टाकते. व्यायाम माणूस सोमवारपासून सुरू करतो. भाजी आजच आणायची असते.

तेव्हा आपल्या ओळीत सांगायची गोष्ट एकच उरते: जवळच्या कामाला गाडी काढायची गरज नाही.

वीस ओळी लिहा, एकोणीस खोडा

एका बैठकीत वीस ओळी लिहा. चांगल्या-वाईटाचा विचार न करता लिहा, पण प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या जागेवरून करा: एखादी ठिकाणाच्या नावानं, एखादी आकड्यानं, एखादी प्रश्नानं, एखादी गिऱ्हाइकाच्या तोंडच्या वाक्यानं. अशा वीसातून आपल्या दुकानासाठी पाच निवडल्या असं धरू आणि त्या जवळून बघू.

‘गर्दीला हरवा!’ ऐकायला जोरकस आहे. पण यात सायकल नाही, जवळचं अंतर नाही आणि हीच ओळ उद्या मोटरसायकलचा शोरूमवाला लावू शकतो. शिवाय वाहनांच्या फटीतून मुसंडी मारायला सुचवल्यासारखं होतं, ते मला मान्य नाही. एकेरी रस्त्याचा नियम सायकलीलाही लागू आहे. उलट्या बाजूनं, फुटपाथवरून किंवा सिग्नल तोडून वाट काढायला शिकवणारी कुठलीही ओळ खोडून टाका.

‘गाडी लावायला जागा शोधता, तेवढ्यात सायकल पोचते.’ आपल्या हिशेबाशी पूर्ण जुळणारी. वाचली की माणूस हसतो, कारण कालच तो अशी जागा शोधत फिरलेला असतो. अडचण लांबीची. सात शब्द आणि मध्ये स्वल्पविराम, चालत्या वाहनावरून वाचून होत नाही. ही ओळ पत्रकाला, पिशवीला, पावतीच्या मागच्या बाजूला उत्तम.

‘तीन किलोमीटरला गाडी कशाला?’ मला ही फार आवडते. एका दमात म्हणता येते, अंतर सांगते आणि उत्तर वाचणाऱ्यावर सोडते. फक्त दोन गोष्टी. सायकल हा शब्द नाही, त्यामुळे बोर्डावर सायकलीचं चित्र लागेलच. आणि आपल्या घरापासून बाजार किती किलोमीटर आहे हे पुष्कळांना सांगता येत नाही. अंतर लोक ‘जवळ’, ‘लांब’, ‘दोन चौक पुढं’ असं मोजतात.

‘बिंदू चौकापर्यंत? सायकल काढ भावा!’ अस्सल कोल्हापुरी. कॉलेजच्या पोरांना लगेच आपली वाटेल. पण बोर्ड सगळ्यांशी बोलतो. साठीतल्या माणसाला दुकानाच्या पाटीनं ‘काढ’ म्हणणं बरं दिसत नाही आणि ‘भावा’ म्हटलं की बाया बाहेर राहिल्या. जवळच्या फेऱ्यांचं कुठल्याही घरातलं टाचण काढा. भाजी, दळण, औषध, मुलांचा क्लास, यांतल्या बऱ्याच फेऱ्या घरातली बाईच करते. तिला वगळून रोजच्या सायकलीची जाहिरात करणं म्हणजे निम्म्याहून जास्त धंदा सोडणं. ही ओळ शटरवरच्या स्टिकरला ठेवा.

‘जवळ जायचंय? सायकल काढा.’ चार शब्द. पहिले दोन शब्द वहीत सापडलेले, लोकांच्या तोंडचे. ‘गाडी काढा’ हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो. त्याच वळणावर इथं सायकल येते, म्हणून ओळ नवी असूनही सवयीची वाटते. आदरार्थी आहे, सगळ्यांना चालते. खोटं वचन नाही, लवकर पोचाल असं कुठंही म्हटलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्याला ती लावता येत नाही.

ही आपण ठेवू. तिच्याखाली बदलता येईल अशी एक छोटी ओळ असावी, जी हिशेबाचं काम करते: ‘राजारामपुरी ते बिंदू चौक: १० मिनिटं’. महिन्या-दोन महिन्यांनी ठिकाण बदला. आकडा मात्र स्वतः मोजलेलाच हवा आणि तोही सावकाश चालवणाऱ्याचा. फसवी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीचा विषय होऊ शकते; त्याहून मोठं नुकसान म्हणजे दहा मिनिटं वाचून आलेल्या माणसाला पंधरा लागली की तो तुमच्या हमीच्या कार्डावरही विश्वास ठेवत नाही.

ओळ तपासायची कशी

पहिली तपासणी फोनवरची. ओळखीच्या कुणाला तरी फोन करून बोलता बोलता ओळ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय म्हटलं होतं मी? शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल, अर्थ आणि सायकल आठवली पाहिजे. ‘काहीतरी गर्दीचं होतं’ असं उत्तर आलं तर ओळ गेली.

दुसरी तपासणी दुकानात. बोर्ड करण्याआधी ओळ मोठ्या कागदावर लिहून दारावर आठवडाभर लावा, पुढच्या आठवड्यात दुसरी ओळ लावा आणि नवीन आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं ते लिहून ठेवा. सगळं उत्तर त्या प्रश्नात असतं. ‘गिअर किती आहेत?’, ‘डिस्क ब्रेक आहे का?’ असे प्रश्न येत असतील तर तुमची ओळ हौशी स्वारांना बोलावते आहे. ‘कॅरिअर बसेल का?’, ‘पुढं बास्केट मिळेल?’, ‘साडीवर चालवता येईल अशी आहे का?’, ‘कुलूप कुठलं घेऊ?’ असं कुणी विचारायला लागलं की समजा, रोजचं गिऱ्हाईक दारात आलं.

त्याच वेळी दर्शनी भागाकडेही बघा. बोर्ड म्हणतो जवळ जायला सायकल काढा आणि काचेत उभी आहे जाड टायरची, पुढं शॉकअपवाली, बिनमडगार्डची सायकल, असं असेल तर ओळ वाया जाते. पुढच्या रांगेत मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर आणि घंटी लावलेली तयार सायकल ठेवा, शेजारी खाली झुकलेल्या दांडीची लेडीज सायकल. दुकान साडेदहाला उघडत असेल तर रोज कामाला जाणाऱ्याचं सकाळी नऊचं पंक्चर कोण काढणार, याचाही विचार करावा लागेल.

बोर्डावर चढवताना

अक्षराच्या उंचीचा एक साधा ठोकताळा पाटीवाले वापरतात: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून, म्हणजे तीस फुटांवरून, तीन इंच पुरतात. पण दुचाकीवरच्या माणसाला बोर्ड साठ फुटांवरून दिसायला हवा, म्हणून सहा इंच धरा. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. पेंटर किंवा डिझायनर वेलांटी-मात्रेसकट सहा इंच धरतो आणि मूळ अक्षर चार इंचांचं होतं. ते आधीच स्पष्ट सांगा.

‘जवळ जायचंय? सायकल काढा.’ यात चिन्हं आणि मोकळ्या जागा धरून अठरा-वीस घरं होतात. सहा इंच उंचीच्या अक्षराला रुंदीत सरासरी पाच इंच लागतात. म्हणजे ओळ साधारण आठ फुटांत बसते आणि दहा फुटी बोर्डावर दोन्ही बाजूंना हवा राहते. पार्किंगची ती लांब ओळ याच मापानं बारा फुटांवर जाते; बसवायची तर अक्षर चार इंचांवर आणावं लागेल. लांब ओळ बोर्डावर का नको म्हणतो, ते इथं टेप लावली की दिसतं.

आपल्या ओळीत जोडाक्षर नाही, हा मोठा फायदा. जोडाक्षरं लांबून भरीव गोळ्यासारखी दिसतात. धोका एकच आहे, ‘चं’वरचा अनुस्वार. फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुन्या फॉन्टमधून नव्यात नेताना अनुस्वार गळतो किंवा भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि बोर्डावर ‘जायचय’ छापून येतं. फोनवर आलेला नमुना बघून होकार देऊ नका. कागदावर छापील प्रत मागा, ती भिंतीला लावून अक्षर न् अक्षर वाचा, मगच मोठं छापायला सांगा.

नावाच्या पाटीबद्दल कायदाही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात दुकानाचं नाव देवनागरीत मराठी हवं आणि सोबत दुसरी लिपी असेल तर मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत. सायकल कंपन्या स्वतःच्या खर्चानं बोर्ड लावून देतात, त्यात कंपनीचं इंग्रजी नाव हातभर आणि दुकानाचं मराठी नाव कोपऱ्यात असतं. असा बोर्ड घेण्याआधी आराखडा बदलून घ्या आणि टॅगलाइनची पट्टी त्यातच मागा. दुकानाच्या हद्दीबाहेर फलक लावायचा तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते.

ओळीची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करावी का, असं बरेच जण विचारतात. ‘जवळ जायचंय? सायकल काढा’ ही साध्या बोलण्यातली, मालाचं वर्णन करणारी ओळ आहे, अशा ओळींना नोंदणी मिळणं अवघड असतं. खर्च करायचाच तर दुकानाच्या नावावर करा. मात्र कुठल्या मोठ्या कंपनीची तशीच ओळ नाही ना, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा शोधून बघा.

मुख्य ओळ लावली की निदान वर्षभर हात लावू नका. रोज तोच रस्ता जाणाऱ्या माणसाला ती पुन्हा पुन्हा दिसू द्यावी लागते. बदलायची ती खालची ओळ. जूनमध्ये, कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की, मिनिटांची पट्टी काढून ‘मडगार्ड आणि रेनकोटसह तयार’ लावा. गणपतीत आणि नवरात्रात, गाड्यांची गर्दी वाढते तेव्हा, पुन्हा मिनिटांवर या. विक्रीच्या वहीत प्रत्येक सायकलीपुढे ‘कशासाठी घेतली’ असा एक रकाना ठेवा आणि गिऱ्हाइकानं सांगितलेल्या ठिकाणाचं नाव लिहा. बाराव्या महिन्यात त्या रकान्यात लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, क्लास, भाजी असे शब्द वाढलेले दिसले तर ओळ तशीच ठेवा. रकान्यात फक्त वाढदिवस आणि रविवार दिसले तर पहिली वही काढा आणि लोकांनी ‘काल गाडी कुठं नेली’ याला दिलेली उत्तरं नव्यानं वाचायला घ्या.